पाय आंबले म्हणजे लॅक्टिक ॲसिड साचलं नव्हे : सरावानंतरच्या दुखण्यात होणाऱ्या चुका

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सराव मंगळवारी झाला आणि गुरुवारी सकाळी आमचा निम्मा कबड्डी संघ दादरच्या रेल्वे पुलावर कठड्याला धरून उभा होता. चढताना कुणाला फारसं काही वाटलं नव्हतं. उतरायची वेळ आली तेव्हा मात्र एकेक पायरी आडवं होऊन, तोंड वाकडं करत उतरावी लागत होती. मैदानात पोचल्यावर एक जण म्हणाला, "सर, मांड्यांत लॅक्टिक ॲसिड साचलंय. दोन राउंड मारले की विरघळेल." मी मान डोलावली आणि त्यांना पळवलं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, कारण माझ्या प्रशिक्षकांनी मला तेच शिकवलं होतं.

ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसण्याला आपली भाषाही थोडी कारणीभूत असावी, असं मला वाटतं. आपण म्हणतो, "अंग आंबलंय." इडलीचं पीठ आंबतं, दूध आंबतं, तसं अंगही आंबतं. आणि लॅक्टिक ॲसिड पहिल्यांदा सापडलं तेही आंबलेल्या दुधातच, १७८० साली, शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला. त्यामुळे 'आंबलेल्या पायात आम्ल साचलं' हे वाक्य ऐकताक्षणी पटतं. पण दुखण्याची वेळ आणि जागा नीट पाहिली, तर ते टिकत नाही.

पहिली चूक : घड्याळ न बघणं

जोरात ४०० मीटर पळालं की रक्तातलं लॅक्टेट खरोखरच खूप वाढतं. (शरीरात हे आम्ल आम्लाच्या रूपात राहत नाही, लॅक्टेटच्या रूपात असतं.) पण ते कुठे साचून राहत नाही. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्यातून पुन्हा साखर तयार करतं. तासाभरात, फार तर दीड-दोन तासांत, रक्तातलं प्रमाण नेहमीच्या पातळीला येतं.

आता आमच्या मुलांचं पाहू. सराव मंगळवारी सकाळी साडेसहाला. त्या दिवशी दुपारी सगळे मजेत वडापाव खात होते. दुखायला लागलं बुधवारी सकाळी, आणि सर्वात जास्त दुखलं गुरुवारी. म्हणजे लॅक्टेट निघून गेल्यावर जवळजवळ पूर्ण दिवसाने दुखणं सुरू झालं. हे वेळापत्रक अगदी ठरलेलं आहे : साधारण १२ ते २४ तासांनी सुरुवात, २४ ते ७२ तासांच्या मध्ये कळस, आणि पाच-सात दिवसांत उतार. म्हणून याला उशिराने येणारं स्नायूदुखणं म्हणतात. पळता पळता पायात पेटते ती जळजळ वेगळी. ती थांबलं की काही मिनिटांत ओसरते. विद्यार्थी या दोन्हींना एकच समजतात आणि तिथून पुढची सगळी गडबड सुरू होते.

दुसरी चूक : धाप मोजणं, उतरण न मोजणं

ही चूक मला सर्वात महत्त्वाची वाटते, कारण ती विद्यार्थ्यांची नाही, आम्हा प्रशिक्षकांची आहे.

त्या मंगळवारी मी काय करून घेतलं होतं ते लिहितो. कॉलेजची इमारत चार मजल्यांची, वरपर्यंत ८० पायऱ्या. बारा फेऱ्या, पळत वर आणि पळत खाली. वर पोचेपर्यंत मुलांना धाप लागायची, म्हणून मी म्हणायचो, "उतरताना आराम आहे, श्वास घ्या." माझ्या हिशेबात कष्ट चढण्यात होते आणि उतरणं ही विश्रांती होती.

आता उतरण मोजू. १२ गुणिले ८० म्हणजे ९६० पायऱ्या, प्रत्येक पायाला ४८०. एक पायरी उतरताना नेमकं काय होतं? पुढचा पाय खालच्या पायरीवर टेकेपर्यंत सगळं वजन वरच्या पायरीवरच्या पायावर असतं. त्याचा गुडघा हळूहळू वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखं काम करतो. तो ताठ आहे, जोर लावतोय, पण त्याच वेळी लांबतही चाललाय. बादली दोरीने विहिरीत सोडताना हातावर जसा ताण येतो, तसा. चढताना हाच स्नायू आखडत काम करतो.

लांबत लांबत जोर लावताना स्नायू कमी तंतू कामाला लावतो, त्यामुळे एकेका तंतूवर ओढ जास्त येते. तंतूंच्या आत सूक्ष्म ठिकाणी रचना विस्कटते. मग पुढच्या तासांत तिथे दुरुस्तीचं काम सुरू होतं, थोडी सूज येते, आणि त्या वेळी बाहेर पडणारी रसायनं तिथल्या चेतातंतूंना हळवं करतात. म्हणून एरवी न जाणवणारा स्पर्श, साधं बसणं-उठणंही दुखतं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून दुखणंही उशिरा येतं. आणि उतरायला प्राणवायू कमी लागतो म्हणून धापही कमी लागते. सर्वात जास्त इजा करणारं काम सर्वात सोपं वाटतं, तो सापळा हाच.

हे मला कळलं ते दोन मुलांमुळे. दोघांच्या गुडघ्याची तक्रार होती, म्हणून मी त्यांना पायऱ्या पळत चढून लिफ्टने खाली यायला सांगितलं होतं. बाराच्या बारा फेऱ्या ते चढले, धाप बाकीच्यांइतकीच. गुरुवारी ते दोघं पूल धडाधड उतरून आले.

मग शोध घेतला तर हाच प्रश्न १९८३ साली श्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत विचारलेला सापडला. त्यांनी माणसांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं, एकदा सपाट आणि एकदा दहा टक्के उतारावर. सपाट पळताना लॅक्टेट वाढलं, पण नंतर पाय दुखले नाहीत. उतारावर पळताना लॅक्टेट म्हणण्यासारखं वाढलंच नाही, आणि दुखणं मात्र चांगलंच आलं. लॅक्टिक ॲसिडचा दावा खरा असता तर नेमकं उलट व्हायला हवं होतं.

तेव्हा सरावाची वही लिहिताना किती वेळ पळालो याच्या शेजारी एक रकाना उतरणीचा ठेवा : खाली उतरलेल्या पायऱ्या, उड्या मारून पडणं, लंजेसमध्ये खाली जाणं, रेडरला थांबवताना मागे रेटून ब्रेक लावणं. हे सगळं एकाच प्रकारचं ओझं आहे.

तिसरी चूक : दुखणं 'काढायला' जाणं

साचलेलं काही नसल्यामुळे ते विरघळवायचा, पिळून काढायचा किंवा घामावाटे बाहेर टाकायचा प्रश्नच येत नाही. गुरुवारी राउंड मारल्यावर मुलांना बरं वाटलं, हे खरं आहे. हलक्या हालचालीने दुखणं तात्पुरतं बोथट होतं. पण तासाभराने गाडीतून उतरताना पुन्हा तेच. तेवढ्या तात्पुरत्या आरामासाठी चालायला, हळू सायकल मारायला हरकत नाही. मालिशनेही थोडा फरक पडतो, फक्त जोरात रगडू नका.

स्ट्रेचिंगवर आमचा सर्वात जास्त विश्वास. "ताणलं नाहीस म्हणून दुखतंय," असं मी कितीतरी मुलींना सुनावलं आहे, आणि ते त्यांच्यावर अन्यायाचं होतं. २०११ साली कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. व्यायामाआधी असो वा नंतर, ताणण्याने दुखण्यात पडणारा फरक १०० गुणांच्या मोजपट्टीवर जेमतेम चार गुणांपर्यंतचा निघाला. खेळाडूला तो जाणवणारही नाही. सांधे मोकळे राहावेत म्हणून स्ट्रेचिंग जरूर करा, पण दुखण्याचा दोष तिथे टाकू नका.

वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला उभं राहणं मात्र मी माझ्या संघात बंद केलं आहे. गोळीने दुखणं झाकलं जातं, स्नायूची गेलेली ताकद परत येत नाही. आणि मुंबईच्या दमट उन्हात पाणी कमी पडलेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

ताकदीची ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. दुखणं उशिरा येतं, पण ताकद सरावाच्या दिवशीच कमी झालेली असते, आणि काही वेळा दुखणं थांबल्यावरही ती पूर्ण परतलेली नसते. म्हणून "दुखतंय का?" या प्रश्नावर मी आता अवलंबून राहत नाही. भिंतीशी उभं राहून जागेवरून उंच उडी मारायची आणि बोटाला लावलेल्या खडूने खूण करायची. प्रत्येकाची नेहमीची उंची वहीत आहे. चार-पाच सेंटिमीटर कमी भरली, तर त्या दिवशी पकडी आणि उड्या नाहीत, फक्त रेडची पावलं आणि डावपेच.

चौथी चूक : प्रत्येक दुखणं हेच समजणं

पळताना अचानक 'कट्' झालं आणि बोटाने दाखवता येईल अशा एका जागी दुखतंय, तर तो ताण किंवा फाट आहे. गोळा आला तर स्नायू त्याच क्षणी दगडासारखा घट्ट होतो आणि काही मिनिटांत सुटतो. उशिराने येणारं दुखणं दोन्ही पायांत सारखं, पूर्ण स्नायूभर पसरलेलं, दाबल्यावर आणि हलवल्यावर जाणवणारं असतं.

एक खूण मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ हवी. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, स्नायू टम्म सुजला, दुखणं असह्य झालं किंवा पाय उचलेनासा झाला, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडांत अडकल्याचं ते लक्षण असू शकतं. दीर्घ सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी उन्हात शेकडो बैठका काढायला लावणं, हा तिथे पोचण्याचा नेहमीचा रस्ता. शिक्षा म्हणून बैठका देणाऱ्या शिक्षकांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

मग सुरुवात कशी करायची

या दुखण्यावर खात्रीचा उपाय एकच आहे, आणि तो आधी करायचा असतो. लांबत काम करण्याचं थोडं ओझं एकदा मिळालं की स्नायू पुढच्या वेळेसाठी तयार होतो, आणि ती तयारी काही आठवडे टिकते. गंमत म्हणजे पहिला डोस दुखेपर्यंतचा असावा लागत नाही.

आता सुट्टीनंतर आम्ही असं करतो. पहिल्या दिवशी चढणं बाराही फेऱ्यांचं, पण उतरणं फक्त दोन फेऱ्यांचं, तेही चालत. बाकी वेळा लिफ्ट. तीन दिवसांनी चार फेऱ्या उतरायच्या, पुढच्या आठवड्यात सात, आणि तिसऱ्या आठवड्यात बाराच्या बारा पळत. दम तितकाच लागतो, त्यामुळे फुप्फुसांची तयारी कुठे मागे पडत नाही. मधेच कुणी पंधरा दिवस आजारी पडून आलं तरी त्याला पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागत नाही, चार फेऱ्यांपासून पुरतं. संघात अगदी नवी आलेली मुलगी मात्र, ती कितीही दमदार धावपटू असली तरी, दोनपासूनच उतरते.