स्नीकर्स मशीनमध्ये धुवावेत का?

थंड पाण्यात एकदा फिरवले म्हणून सोल लगेच सुटत नाही. गोंदाचा खरा शत्रू उष्णता आहे. मेशच्या रनिंग शूजमध्ये फोमचा सोल गोंदानेच चिकटवलेला असतो. गरम पाणी, ड्रायर किंवा कडक ऊन लागलं की हा गोंद मऊ पडतो. त्यात मशीनची आपटाआपटी आणि स्पिन, म्हणजे टाचेचा कडक भाग दबतो आणि आकार जातो. कॅनव्हासचे साधे शूज जरा दणकट, पण जुने असतील तर बोटांपाशी वाकवून बघा. रबरी पट्टी आणि कापड यांच्यात फट दिसली, तर मशीन नकोच.

हाताने धुणं फार कष्टाचं नाही. लेस आणि आतलं सोल काढा, सुकी माती झटका. कोमट पाण्यात थोडं लिक्विड डिटर्जंट घालून जुन्या टूथब्रशने घासा. मेशवर हलक्या हाताने, नाहीतर धागे निघतात. बादलीत भिजत ठेवू नका. साबण पूर्ण काढा, कारण पांढऱ्या कॅनव्हासवर पिवळे डाग बऱ्याचदा उरलेल्या साबणाचेच असतात. मग आत कोरे पांढरे कागद कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवा. वर्तमानपत्र नको, शाई लागते. कागद ओले झाले की बदला.