पीएलसी पॅनेलसाठी २४ व्होल्टचा एसएमपीएस आणि फ्यूज कसे ठरवावेत

कुपवाड एमआयडीसीतल्या एका बेदाणा धुण्या-निवडण्याच्या लाइनवर ऐन सीझनमध्ये पीएलसी मधूनच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मालकाला वाटायचं प्रोग्रॅममध्ये खोट आहे. खरं कारण होतं धुण्याच्या टाकीजवळच्या एका सेन्सरच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. तिथे शॉर्ट झालं की सगळ्या पॅनेलचे २४ व्होल्ट खाली बसायचे, आणि ६ अँपिअरचा एमसीबी मात्र ट्रिप होत नव्हता.

एमसीबी का पडत नव्हता हे आधी समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. सी टाइपचा ६ अँपिअर एमसीबी लगेच पडायला एसीवरच ३० ते ६० अँपिअर लागतात, डीसीवर त्याहून जास्त. १० अँपिअरचा एसएमपीएस शॉर्टमध्ये साधारण १२ ते १५ अँपिअरवर स्वतःला आवरतो आणि व्होल्टेज पाडतो. म्हणजे एमसीबीच्या आधी पीएलसी मरतो. म्हणून फ्यूज ठरवताना वायर जळेल का, एवढंच पाहून भागत नाही. आपला एसएमपीएस हा फ्यूज उडवू शकेल का, हेही पाहावं लागतं.

आता हिशोब. कागदावर प्रत्येक वस्तूचा करंट लिहा. त्याच लाइनचे आकडे घेऊ. ४० प्रॉक्सिमिटी सेन्सर, इनपुटच्या करंटसह प्रत्येकी २० मिलीअँपिअर धरले तर ०.८ अँपिअर. १२ फोटो सेन्सर प्रत्येकी ४० मिलीअँपिअर, म्हणजे सुमारे ०.५. सोलेनॉइड व्हॉल्व्ह १६, प्रत्येकी ४.८ वॅट म्हणजे ०.२ अँपिअर, एकूण ३.२. रिले ०.३. बेरीज ४.८ अँपिअर. इथे सेन्सर संख्येने जास्त असले तरी लोड खातात ते व्हॉल्व्ह. सगळे व्हॉल्व्ह एकदम चालू होत नसतील, तरी मी पूर्णच धरतो. नंतर प्रोग्रॅम बदलला तर पॅनेल तेच राहतं.

यात ३० टक्के जागा ठेवली की सव्वासहा अँपिअर होतात. मग उन्हाळा पाहा. एप्रिलमध्ये शेडमध्ये ४० अंश असेल तर बंद पॅनेलच्या आत ५५ सहज होतात. बरेच एसएमपीएस ५० अंशांच्या वर दर अंशाला अडीच टक्के कमी देतात, म्हणजे १० अँपिअरचा ८.७५ वर येतो. आपल्याला पुरतो. पण तुमच्या मॉडेलचा डेटाशीट बघाच, सगळ्यांचं सारखं नसतं.

पीएलसीचा सीपीयू आणि एचएमआय मिळून १.२ अँपिअर. त्यांना २.५ अँपिअरचा वेगळा छोटा एसएमपीएस द्या. सेन्सरची लाइन खाली बसली तरी सीपीयूला ते कळूही नये. मात्र सेन्सर पीएनपी असतील तर इनपुट कार्डाचा कॉमन सेन्सरच्या सप्लायच्या झिरो व्होल्टला जोडायला विसरू नका.

आता वाटप. सेन्सरचे गट मशीनच्या भागांनुसार पाडा: धुणं, वाळवणं, निवडणं. आठ-दहा सेन्सरना १ अँपिअरचा एक फास्ट ग्लास फ्यूज, फ्यूज टर्मिनलमध्ये. धुण्याच्या गटाचा फ्यूज उडाला तर तेवढाच भाग थांबतो आणि फॉल्ट कुठे शोधायचा ते दारातूनच दिसतं.

फ्यूज उडेल का? पॅनेलपासून ६ मीटरवर शॉर्ट झाला तर ०.२५ स्क्वेअर एमएम वायरचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.८४ ओहम. एसएमपीएस देईल तेवढा करंट वाहतो, आणि स्वतःच्या रेटिंगच्या १० पट करंटला फास्ट फ्यूज २० मिलिसेकंदांच्या आत उघडतो. त्याच वायरने ४० मीटरवर रोध ५.६ ओहम होतो, शॉर्ट करंट ४.३ अँपिअरच. चालू लोडचे ४.८ मिळवले तरी नऊच्या आसपास. तापलेल्या पॅनेलमधल्या ८.७५ च्या किंचित वर आहे, पण फ्यूज उडेपर्यंतचा क्षणभर बहुतेक एसएमपीएस तेवढं सोसतात. इथे ३ अँपिअरचा फ्यूज टाकला असता तर तो बराच वेळ तग धरून वायर तापवत बसला असता.

व्हॉल्व्हचा गट वेगळा ठेवा, कारण त्यांची अडचण व्होल्टेज ड्रॉपची. आठ व्हॉल्व्ह, १.६ अँपिअर, ४० मीटर. ०.५ ची वायर टाकली तर साडेचार व्होल्ट वाटेतच जातात आणि व्हॉल्व्ह साडेएकोणीसवर अडखळतो. त्याला बहुधा २१.६ तरी हवेत. २.५ स्क्वेअर एमएम टाका, ड्रॉप ०.९ व्होल्टवर येतो. फ्यूज २.५ अँपिअरचा.

शेवटी चाचणी. हवा बंद करा, मोटारींचा मेन पाडा, सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात जवळच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये तपकिरी-निळी वायर मुद्दाम शॉर्ट करा. त्या गटाचाच फ्यूज उडाला पाहिजे आणि सीपीयूचा रन दिवा विझता कामा नये. कुपवाडच्या लाइनवर हे दोन्ही झालं, तेव्हाच आम्ही पॅनेलचं दार लावलं.