रेंज तुटली की आयर्न काँडॉरमध्ये होणाऱ्या चुका

एक नमुना घेऊ. निफ्टी २४,५०० वर आहे. चार्टवर २४,२०० ला सपोर्ट दिसतो, २४,८०० ला रेझिस्टन्स. एक्स्पायरीला पाच-सहा दिवस आहेत. २४,८०० चा कॉल विकून २५,००० चा घेतला, २४,२०० चा पुट विकून २४,००० चा घेतला. हाच आयर्न काँडॉर: एक्स्पायरीपर्यंत निफ्टी रेंजमध्ये राहिला तर प्रीमियम आपला. दोन्ही बाजूंचे ३५-३५ धरून ७० पॉइंट हातात आले. स्प्रेडची रुंदी २००, म्हणजे जास्तीत जास्त तोटा १३० पॉइंट. (प्रीमियमचे आकडे समजण्यापुरते आहेत, पण वास्तवाला धरून.) निम्म्या वेळा रेंज टिकली तरी हा सौदा तोट्याचाच. पूर्ण नफा किंवा पूर्ण तोटा असाच हिशोब धरला, तर बरोबरीला येण्यासाठी १०० पैकी ६५ वेळा जिंकावं लागतं.

पहिली चूक इथंच झाली आहे: विकलेला स्ट्राइक नेमका चार्टच्या रेषेवर ठेवला. रेझिस्टन्सला भाव पोचणं ही अगदी सामान्य गोष्ट आहे, तिथं तो अनेकदा जातो आणि परततो. पण तीन दिवस बाकी असताना निफ्टी २४,८०० ला टेकला, तर ३५ ला विकलेला कॉल स्प्रेड साधारण ७५ ला मिळतो. रेझिस्टन्स अजून तुटलेलाही नाही, आणि पुटच्या बाजूची कमाई धरूनही पोझिशन लाल दिसते. मग घाबरून बाहेर पडणं आलं. स्ट्राइक रेषेच्या पलीकडे, म्हणजे २४,९०० आणि २४,१०० ला ठेवले की मोकळी जागा मिळते. त्याची किंमतही मोजावी लागते: प्रीमियम ७० वरून ४४ वर येतं आणि जिंकण्याची गरज ७८ टक्क्यांवर जाते. चार्टवर तुमचा तेवढा विश्वास नसेल, तर सौदा सोडून दिलेला बरा.

खरं नुकसान ब्रेकआउटनंतरच्या डागडुजीत होतं. समजा रेषेवरचेच स्ट्राइक आहेत आणि दोन दिवस बाकी असताना निफ्टी २४,९६० वर बंद झाला. कॉल स्प्रेड १२० ला परत घेतला, तोटा ८५. पुटकडचे ३३ पॉइंट गाठीला बांधले. उरलेला तोटा भरून काढायला पुट वर सरकवला: २४,९०० चा विकला, २४,७०० चा घेतला, ५० मिळाले. ब्रेकआउट फसवा निघाला आणि एक्स्पायरी २४,६०० ला झाली. नव्या पुटमध्ये १५० गेले. एकूण तोटा २०२ पॉइंट. हात न लावता बसला असता, तर पूर्ण ७० चा नफा होता.

म्हणजे ‘ठरलेली जोखीम’ फक्त मूळ रचनेची होती. एक्स्पायरीला निफ्टी एकाच ठिकाणी असतो, त्यामुळे मूळ काँडॉरची एकच बाजू हरू शकते. एक बाजू तोट्यात बंद करून दुसरी नव्याने मांडली की दोन्ही हरू शकतात. हे निव्वळ कागदावरचं गणित नाही. एक्झिट पोलनंतर ३ जून २०२४ ला निफ्टी ७३३ पॉइंट चढून २३,२६३.९० वर बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी, निकालाला, २१,८८४.५० वर आला. तीन तारखेला पुट वर सरकवणाऱ्याचं काय झालं असेल, ते सांगायला नको. अशा दिवशी गॅपमध्ये स्टॉपलॉसही हव्या त्या भावाला मिळत नाही. तोटा थांबवतो तो घेतलेला ऑप्शन.

आणि त्याच ऑप्शनवर लोक हात मारतात. ब्रेकआउट झाला की २५,००० चा कॉल हिरवा दिसतो, ‘नफा बुक करू’ म्हणून विकून टाकतात. त्या क्षणी २४,८०० चा कॉल उघडा पडतो, मार्जिन एकदम वाढतं आणि तोट्याला छत राहत नाही. बाहेर पडताना विकलेला पाय आधी परत घ्यायचा, मगच घेतलेला विकायचा. माझ्या मते विकलेल्या बाजूचा भाव दुप्पट झाला की अख्खी रचना बंद करावी आणि त्या एक्स्पायरीत नवीन काही मांडू नये. काही वेळा हे फसव्या ब्रेकआउटवरही बाहेर काढेल. म्हणूनच स्ट्राइक रेषेवर नको.

शेअरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक खड्डा आहे. निफ्टीचा हिशोब रोखीत होतो, शेअरचा प्रत्यक्ष डिलिव्हरीने. १,००० चा कॉल विकून १,०२० चा घेतला आणि शेअर १,०१२ ला बंद झाला, तर विकलेल्या कॉलवर शेअर द्यावे लागतात आणि घेतलेला कॉल शून्य होतो. लॉट ५०० चा असेल तर ५०० शेअर द्यायचे. नसले तर ऑक्शनला सामोरं जायचं, आणि तिथला भाव तुमच्या २० पॉइंटच्या हिशोबात कुठंच नव्हता. भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये अडकलेला दिसला, तर एक्स्पायरीच्या आदल्या दिवशीच मोकळं व्हायचं.