चित्रातले आकडे शब्दांत लिहिताना

२०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची माहिती एखाद्या चित्रपट्टीवर अशी मांडलेली असते: इमारतीच्या चिन्हाखाली शहरी लोकसंख्या ४५.२ टक्के, पुस्तकाखाली साक्षरता ८२.३ टक्के, स्त्री-पुरुषाच्या चिन्हाखाली स्त्री-पुरुष प्रमाण ९२९.

सारांश लिहिताना हात आपोआप घसरतो तो इथे: ‘शहरीकरण वाढल्यामुळे साक्षरता ८२.३ टक्क्यांवर पोहोचली.’ या एका वाक्यात दोन गोष्टी पदरच्या आहेत. ‘वाढल्यामुळे’ हे कारण पट्टीवर कुठेच नाही, आणि ‘पोहोचली’ म्हणायला आधीच्या वर्षाचा आकडा लागतो, तोही नाही. चौकटी शेजारी आहेत म्हणून त्यांचं नातं ठरत नाही. बाण असला तरी त्यावर काय लिहिलंय ते पाहावं. नुसता बाण बहुधा वाचायचा क्रम दाखवतो.

आधी प्रत्येक चिन्हाचं स्वतंत्र वाक्य करा: कशाचा आकडा, किती, कोणत्या वर्षाचा. मग ती ‘आणि’, ‘तर’ किंवा पूर्णविरामाने जोडा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘परिणामी’, ‘तरीही’ हे शब्द शोधून खोडा. ‘तरीही’ फसवा आहे, कारण ‘साक्षरता चांगली, तरीही प्रमाण ९२९’ म्हणताच दोन्हींचा संबंध गृहीत धरला जातो.

वजाबाकी मात्र चालते. पुरुष साक्षरता ८८.४ आणि स्त्री साक्षरता ७५.९ दिली असेल, तर फरक १२.५ टक्के-बिंदू लिहा, ‘१२.५ टक्क्यांनी कमी’ लिहिलंत तर अर्थ बदलतो, कारण ते ‘८८.४ च्या १२.५ टक्के कमी’ असं वाचलं जातं.

९२९ चं एकक पट्टीवर असेल तसंच उतरवा: दर हजार पुरुषांमागे स्त्रिया.