एकच ॲप, दोन आराखडे: वॉटरफॉल आणि ॲजाइलच्या स्लाइड्स अशा तपासा

वॉटरफॉल आणि ॲजाइल या सॉफ्टवेअर बनवण्याच्या दोन पद्धतींमधल्या फरकाचा तक्ता पाठ करू नका. ‘काटेकोर’ आणि ‘लवचीक’ एवढे दोन शब्द डोक्यात राहतात आणि तोंडी परीक्षेत तिथेच दांडी उडते. एक छोटं ॲप घ्या आणि दोन्ही पद्धतींनी कागदावर आखा.

मी डब्याचं ॲप घेतो. ग्राहकाने रात्री नऊच्या आत ‘उद्या डबा नको’ कळवायचं, डबेवाल्या मावशींना सकाळी एकूण आकडा दिसायचा, महिनाअखेरीस बिल निघायचं. माणसं दोन, आठवडे आठ.

वॉटरफॉल पाच मिनिटांत होतं: गरजा १ आठवडा, डिझाइन २, कोडिंग ३, टेस्टिंग १, मावशींच्या हाती देणं १. (बाण खालीच जाणारी ती आकृती विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखातली. असं सरळ खाली जाणं धोक्याचं आहे, हेही त्यांनी तिथेच लिहिलंय. स्लाइडवर ते सहसा नसतं.)

ॲजाइलला मात्र मी सपशेल फसलो होतो. दोन-दोन आठवड्यांचे चार स्प्रिंट पाडले: पहिल्यात स्क्रीन, दुसऱ्यात डेटाबेस, तिसऱ्यात जोडणी, चौथ्यात टेस्टिंग. सरांनी एकच विचारलं, “दुसऱ्या स्प्रिंटनंतर मावशी काय वापरणार?” काहीच नाही. मी वॉटरफॉलचेच चार तुकडे केले होते.

म्हणून प्रत्येक स्प्रिंटपुढे ‘मावशी आता स्वतःच्या फोनवर काय करू शकतात’ हे लिहा. लिहिता आलं नाही, तर तो स्प्रिंट मोडा. पहिल्या स्प्रिंटमध्ये फक्त ‘उद्या नको’चं बटण आणि सकाळचा आकडा. ग्राहकांची नावं आपणच हाताने भरायची, लॉगिन नाही, बिल नाही. पण स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळं थोडं थोडं चालतं. दुसऱ्यात नऊची मर्यादा आणि सलग सुट्ट्या, तिसऱ्यात बिल. चौथा आज भरायचा नाही. त्यात काय येईल ते वापरातून कळेल.

आता तुलना. पाचव्या आठवड्यात दोन्ही आराखड्यांत एकच बदल टाकून बघा, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो चुकीचा वाटतो, कारण खरा प्रश्न बदल कधी कळतो हा आहे. समजा मावशी अर्धा डबाही देतात आणि गरजा विचारताना ते कुणाच्याच तोंडी आलं नाही. ॲजाइलमध्ये दुसऱ्या आठवड्याअखेरीस आकडा बघून त्या म्हणतील, “छत्तीस ठीक, पण यात अर्धे किती?” तेव्हा बिल लिहिलेलंच नसतं. नोंदीत एक रकाना वाढतो, स्क्रीनवर एक पर्याय. वॉटरफॉलमध्ये हेच वाक्य आठव्या आठवड्यात येतं. तोवर बिलाचा हिशेब आणि त्याच्या टेस्ट पूर्ण डब्यावर बेतून झालेल्या असतात.

मावशींना दर पंधरवड्याला ॲप बघायला वेळच नसेल, तर ॲजाइलचा हा फायदा शून्य. उलट गरजांच्या आठवड्यात एक सकाळ त्यांच्या स्वयंपाकघरात डबे भरताना बसलात, तर अर्धा डबा वॉटरफॉललाही पहिल्याच आठवड्यात दिसतो. तुमच्या स्लाइडवर ‘मावशींनी ॲप पहिल्यांदा कधी पाहिलं’ हा रकाना घाला: एकीकडे आठवडा २, दुसरीकडे आठवडा ८.