ज्येष्ठांसाठी मोठ्या अक्षरांची पोस्ट : पाठवण्यापूर्वी तपासायची यादी

मेव्हण्याच्या औषधांच्या दुकानासाठी गेल्या वर्षी मी एक पोस्ट तयार केली होती. औषधे घरपोच मिळतील आणि साठ वर्षांवरील व्यक्तींची ८९९ रुपयांत आरोग्य तपासणी होईल, रक्ताचा नमुना घरी येऊन घेतला जाईल, असा तिचा आशय होता. अक्षरे मोठी होती, रंग ठळक होते, आणि ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सॲप गटातून अकरा जणांनी नावेही नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नमुने घेणारा मुलगा घरोघरी गेला, तेव्हा अकरांपैकी सात जणांचा चहा झालेला होता. उपाशी राहण्याची सूचना मी चित्रात न घालता खालच्या मजकुरात, तीही शेवटून दुसऱ्या ओळीत, ‘फास्टिंग आवश्यक’ एवढ्या दोन शब्दांत टाकली होती. यंदाची यादी त्या सात कप चहांमुळे लिहिली आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पोस्टा दोन कराव्यात, घरपोच औषधांची वेगळी आणि तपासणीची वेगळी. हे सौंदर्यासाठी नाही, जागेच्या हिशेबासाठी आहे. आपण १०८० पिक्सेल रुंदीचे चौकोनी चित्र करतो, पण गप्पांच्या खिडकीत ते न उघडता दिसते तेव्हा साधारण पाच सेंटिमीटर रुंदीचे उरते. त्यात अक्षर चार मिलिमीटर उंच दिसायचे असेल, तर मूळ चित्रात त्याची उंची ऐंशी-पंच्याऐंशी पिक्सेल ठेवावी लागते, आणि मग सात ओळींपलीकडे काही मावत नाही. त्या सात ओळींत दुकानाचे बोधचिन्ह, हसरे आजी-आजोबा आणि दोन्ही योजना कोंबल्या, की आधी आक्रसतात ती अक्षरेच.

ओळींमध्ये अंतर सढळ सोडावे, कारण इंग्रजीला पुरणारे अंतर देवनागरीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात अडकतो. फार जाड वळणाचा फॉन्ट घेतला तर ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्या पोटातली जागा भरून जाते व शब्द अंदाजाने वाचावा लागतो. ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ या फॉन्टांचे मध्यम जाडीचे अक्षर पुरेसे आहे. फिकट पिवळ्या किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे ठेवावीत. पांढऱ्यावर केशरी किंवा हिरव्यावर लाल असे काही करू नये, कारण मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला जवळजवळच्या छटांतला फरक लवकर कळत नाही.

आता ती ओळ. उपाशी राहण्याची सूचना चित्रातच असावी, दराच्या वर असावी आणि दराइतक्याच मोठ्या अक्षरांत असावी. खालच्या मजकुरावर विसंबू नये, कारण तो लांबला की ‘आणखी वाचा’च्या मागे जातो, आणि कोणी चित्र जतन करून पुढे पाठवले की मजकूर मागेच राहतो. माझे चित्र नेमके असेच तीन गटांत फिरले होते.

शब्दही नीट निवडावा. ‘फास्टिंग’ लिहू नये आणि ‘उपास’ तर मुळीच लिहू नये. त्या सात जणांतल्या एका काकूंनी दारातच सांगितले होते, “अहो, आज चतुर्थी, मी उपाशीच आहे. नुसता चहा आणि दोन खजूर घेतले.” त्यांचे काहीही चुकलेले नव्हते; आपल्याकडे उपासाला साबुदाण्याची खिचडी चालते, तिथे चहाचा काय हिशेब? पण चहातल्या दूधसाखरेने रक्तातली साखर वाढते, आणि उपाशीपोटीच्या साखरेसाठी ठरलेल्या मर्यादा मग त्या आकड्याला लावता येत नाहीत. म्हणून पदार्थांची नावेच घ्यावीत : ‘रात्री ८ ला जेवा. त्यानंतर काही खाऊ नका. सकाळी चहासुद्धा नाही. साधे पाणी चालेल.’ पाण्याचा उल्लेख गाळू नये, नाहीतर काही जण पाणीही न पिता बसून राहतात आणि नस सापडत नाही.

याच ओळीला जोडून दुसरी ओळ हवी : ‘साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेता? आधी फोन करा.’ सवयीप्रमाणे सकाळची मात्रा घेऊन, चहानाश्ता न करता दहा वाजेपर्यंत नमुना घेणाऱ्याची वाट पाहणाऱ्या माणसाची साखर खाली जाते, हात थरथरतात, घाम सुटतो. मात्रेची वेळ त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावी आणि पहिली फेरी अशा लोकांकडे ठेवावी.

पोस्ट पाठवण्याची वेळही चहाशीच बांधलेली आहे. सकाळी सहाला पाठवलेली पोस्ट ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडली जाते आणि ती वाचली जाते चहा पिता पितानाच. आदल्या दिवशी संध्याकाळी, जेवणापूर्वी पाठवावी. नोंद घेणाऱ्यानेही फोनवर तीच चार वाक्ये म्हणावीत आणि ‘चहासुद्धा नाही’ हे ऐकणाऱ्याकडून परत वदवून घ्यावे. हो, चित्रात मोठ्या अक्षरांत लिहिलेले असले तरीही.

फोन क्रमांकाचे मात्र उलट आहे. तो चित्रातही हवा आणि खालच्या मजकुरातही हवा. चित्रातला क्रमांक दाबून फोन लागत नाही, आणि कागदावर उतरवून घेताना एखादा अंक चुकतो. तो इंग्रजी अंकांतच द्यावा, पाच-पाच अंकांचे दोन गट करून. देवनागरीतला एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो. लिंक किंवा क्यूआर कोड घालू नये. अनोळखी लिंक दाबू नका असे मुलांनी त्यांना बजावलेले असते, आणि ते योग्यच आहे. ‘आम्ही ओटीपी मागत नाही, पैसे घरी आल्यावर द्या’ हे वाक्य पुरे.

दराबाबत ‘७२ चाचण्या’ असली भाषा टाळावी, कारण रक्ताच्या एकाच साध्या तपासणीतले वीसेक आकडे सुटे मोजून ती संख्या फुगवलेली असते. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन अशी ओळखीची नावे द्यावीत. घरी येण्याचे पैसे ८९९ मध्ये धरले आहेत की वेगळे, हे लिहावे. तपासणी दुकान करत नाही, प्रयोगशाळा करते. तिचे नाव द्यावे.

घरपोच औषधांच्या पोस्टेत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा स्पष्ट फोटो, मजला आणि खूण मागावी. चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाहीत, हेही सांगून टाकावे. कोणत्याही औषधाने मधुमेह किंवा रक्तदाब बरा होतो असे चुकूनही लिहू नये. १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने अशा जाहिरातींना मनाई आहे.

शेवटी चित्र न उघडता, फोन हातभर लांब धरून, घरातल्या सत्तरीच्या माणसाला चष्म्यासह वाचायला द्यावे आणि एकच प्रश्न विचारावा : “उद्या सकाळी चहा घ्यायचा का?” उत्तर अडखळले तर चित्र पुन्हा करावे. शुद्धलेखन, तारीख, सुट्टीचा वार वगैरे पाहून घ्यावे.