इन्व्हॉइसवरचा डॉलरचा दर आणि गुळाची पट्टी: निर्यातीचा पहिला लॉट भरण्याआधी

दसरा झाला की करवीर, पन्हाळा, कागल भागातली गुऱ्हाळं पेटायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे पहिले लॉट निघतात आणि त्यातला थोडा गूळ एक-एक किलोच्या पॅकिंगमधून न्हावा-शेवा बंदरावरून बाहेरच्या देशांत जातो. शाहू मार्केट यार्डात सौदा झाला की पट्टी हातात येते. तिच्यात वजन, दर, हमाली, तोलाई, अडत सगळं रुपयांत असतं, त्यामुळे ती वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. निर्यातीची पट्टी मात्र एका इन्व्हॉइसवर उभी असते आणि त्या इन्व्हॉइसच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: अमुक तारखेचा दर, एक डॉलर बरोबर इतके रुपये. आपली माणसं त्या दराने गुणाकार करतात, आकडा जुळला की समाधानाने कागद घडी घालून ठेवतात.

गुणाकार जुळणं ही तपासणीची फक्त पहिली पायरी आहे. आमच्या गटाचा हिशोब मी लिहितो आणि पहिल्या हंगामात मीही तिथेच थांबलो होतो. तो दर कुणाचा आहे आणि कोणत्या कामासाठी छापला आहे, हे मी विचारलंच नाही. त्यात गटाचं नुकसान झालं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एक उदाहरण घेऊ. यातले दर समजण्यापुरते धरलेले आहेत, आजचे नव्हेत. सहा गुऱ्हाळांनी मिळून १२,००० किलो गूळ दिला. सौदा किलोला ०.९२ डॉलर, म्हणजे एकूण ११,०४० डॉलर. इन्व्हॉइस १२ नोव्हेंबरचं. त्यावर दर ८६.७५ रुपये आणि दराची तारीख ७ नोव्हेंबर. रुपयांतली रक्कम ९,५७,७२०. गुणाकार बरोबर आहे आणि निर्यातदाराने पट्टीही याच रकमेवर केली आहे. त्याचं कमिशन वेगळं, ते इथे धरलेलं नाही.

आता पहिला प्रश्न. इन्व्हॉइस १२ तारखेचं असताना दर ७ तारखेचा का? यात लबाडी असेलच असं नाही. कस्टम्सचा दर रोज बदलत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ तो साधारणपणे महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी जाहीर करतं. त्या रात्री बारानंतर तो लागू होतो आणि पुढचा दर येईपर्यंत चालतो. जुलै २०२४ पासून हे दर icegate.gov.in या संकेतस्थळावर येतात. आपल्या उदाहरणात पहिला गुरुवार ६ तारखेला होता, म्हणून ७ पासूनचा दर १२ तारखेलाही चालू होता. तेव्हा दराची तारीख शुक्रवारची दिसली आणि आदल्या दिवशी पहिला किंवा तिसरा गुरुवार असला, तर तो बहुधा कस्टम्सचा दर आहे असं समजा आणि संकेतस्थळावर पडताळा.

पडताळताना रकाना नीट बघा. तिथे आयातीचा आणि निर्यातीचा असे दोन दर असतात, त्यात निर्यातीचा कमी असतो. जपानी येनसारख्या चलनांचा दर १०० एककांना दिलेला असतो. तो एका येनचा धरला तर हिशोब शंभर पटीने चुकतो. ही चूक लगेच दिसते, पण आयात-निर्यातीचा रकाना बदलला तर फरक दीड-दोन रुपयांचाच असतो आणि तो नजरेतून सुटतो.

माल २४ नोव्हेंबरला बंदरावर गेला आणि त्या दिवशी कस्टम्सकडे निर्यातीचा कागद, म्हणजे शिपिंग बिल, दाखल झालं. मध्ये २० तारखेला तिसरा गुरुवार येऊन गेला होता, त्यामुळे शिपिंग बिलावर नवा दर लागला, समजा ८७.१०. तिथे रक्कम झाली ९,६१,५८४. शिपिंग बिलासाठी ते दाखल केल्याच्या दिवशीचा दर धरतात, इन्व्हॉइसवर काय छापलं आहे ते नव्हे. जीएसटीसाठीसुद्धा मालाच्या निर्यातीला कस्टम्सचाच जाहीर दर लागतो, पण तो पुरवठ्याच्या दिवसाचा. म्हणून एकाच मालाच्या दोन कागदांवर रुपयांचे दोन आकडे दिसले तर लगेच भांडायला उठू नका. आमच्यातले एक तात्या शिपिंग बिल घेऊन थेट निर्यातदाराच्या दारात गेले होते आणि त्या बाबतीत निर्यातदाराचं बरोबर होतं.

पण या दोन्ही दरांनी कुणाच्या खात्यात एक पैसाही येत नाही. ते सरकारी मूल्य ठरवण्यासाठी आहेत. खरे रुपये बँकेत होतात, ज्या दिवशी डॉलर येतात आणि बँक ते विकत घेते त्या दिवशी.

समजा पैसे १८ डिसेंबरला आले. मधल्या परदेशी बँकेने २५ डॉलर कापले, म्हणून ११,०१५ डॉलरच पोचले. बँकेने ८८.१० चा दर दिला. निर्यातदाराच्या खात्यात ९,७०,४२१ रुपये ५० पैसे जमा झाले. पट्टी झाली होती ९,५७,७२० वर. फरक १२,७०१ रुपये ५० पैसे, किलोमागे साधारण एक रुपया सहा पैसे. गुऱ्हाळावर गुळव्याची मजुरी, चिपाड, चुन्याचा हिशोब आपण पैशा-पैशाने लावतो, त्या मानाने किलोला एक रुपया ही लहान गोष्ट नव्हे.

हा फरक कुणाचा, हे करार ठरवतो. करारात ‘इन्व्हॉइसवरील दराने’ असं लिहिलं असेल तर तो निर्यातदाराचा आहे आणि मागायला आधार नाही. उलटही होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. १८ डिसेंबरला बँकेचा दर ८६.१० असता तर जमा झाले असते ९,४८,३९१ रुपये ५० पैसे, आणि सव्वानऊ हजारांची खोट निर्यातदाराने सोसली असती. दर कोणत्या दिवसाचा धरायचा, म्हणजेच मधल्या पाच-सहा आठवड्यांची जोखीम कुणी घ्यायची. माझं मत असं की आपल्या गटांनी बँकेत प्रत्यक्ष मिळालेला दर धरावा. कारण तो एकच दर असा आहे की त्याच्यामागे खरे आलेले पैसे असतात आणि तो बँकेच्या कागदावर छापलेला असतो. मात्र दर खाली आला तर ते सोसायची तयारी आधी गटाच्या बैठकीत बोलून घ्या. ज्यांना उसाची उचल भागवायची आहे त्यांना ठरलेला रुपयांचा दर जास्त सोयीचा असतो आणि त्यात चूक काही नाही.

बँकेचा दर तपासायचा तर ‘टीटी बाइंग’ हे शब्द शोधा. बाहेरून आलेले डॉलर बँक ज्या दराने विकत घेते तो हा दर. ‘टीटी सेलिंग’ म्हणजे बँक डॉलर विकते तो, आणि तो नेहमी जास्त असतो. पट्टीवर बँकेचा दर म्हणून सेलिंगचा आकडा आला तर रक्कम फुगलेली दिसते आणि नंतर वसुली निघते. आणखी एक गोष्ट. बँक रोज सकाळी एक दरपत्रक काढते, पण मोठा ग्राहक बोलून त्याहून चांगला दर मिळवतो. म्हणून दरपत्रकावरून अंदाज येतो, पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे पैसे जमा झाल्याची बँकेची सूचना, जिला आवक रेमिटन्स अॅडव्हाइस म्हणतात. तिच्यावर आलेले डॉलर, दर, तारीख आणि कापलेले शुल्क हे सगळं असतं. निर्यातदाराकडून तिची प्रत मागा. दुसऱ्या गिऱ्हाइकांची नावं झाकून दिली तरी चालेल.

कधी कधी अॅडव्हाइसवरचा दर त्या दिवसाच्या बाजारापेक्षा बराच वेगळा दिसतो. निर्यातदाराने आधीच बँकेशी फॉरवर्ड करार करून दर बांधून घेतला असेल तर असं होतं. ते योग्यच आहे, फक्त त्या बुकिंगची तारीख आपल्या सौद्याच्या आसपासची आहे का ते बघा. पैसे आल्यानंतर निवडून-निवडून स्वस्तातलं बुकिंग आपल्या लॉटला चिकटवलं तर तक्रार करायला जागा आहे.

काही करारांत ‘संदर्भ दर’ असतो. हा दर एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी दुपारी जाहीर करते आणि fbil.org.in वर दिसतो. २०१८ च्या जुलैपर्यंत तो रिझर्व्ह बँक स्वतः काढत असे. इथे दिवाळीत हमखास गोची होते. शनिवार, रविवार आणि मुंबईतल्या बँकसुट्टीला हा दर निघत नाही. बलिप्रतिपदेच्या तारखेचा ‘त्या दिवशीचा संदर्भ दर’ इन्व्हॉइसवर छापलेला असेल, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचा आहे हे नक्की. आदल्या कामाच्या दिवसाचा की नंतरच्या, हे आधी ठरलेलं नसेल तर दोन्हीतला सोयीचा दर धरला जातो, आणि सोय कुणाची हे सांगायला नको.

दुबईच्या गिऱ्हाइकाचं इन्व्हॉइस दिरहममध्ये असेल तर घरबसल्या पडताळा घेता येतो. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणून डॉलरच्या दराला ३.६७२५ ने भागा. ८८.१० ला भागलं की २३.९९ येतात. बँकेचा दिरहमचा दर याहून थोडा कमी असू शकतो, कारण कमी चालणाऱ्या चलनावर बँक जास्त अंतर ठेवते. पण पट्टीवर २३.९० असं गोल करून लिहिलं असेल तर विचारा. नऊ पैसे ऐकायला किरकोळ वाटतात, पण ४०,००० दिरहमवर त्यांचे ३,६०० रुपये होतात.

या हंगामात करार करताना दराचं कलम असं लिहून घ्या: ‘बँकेत प्रत्यक्ष जमा झालेल्या डॉलरना, जमा झालेल्या दिवशी बँकेने दिलेल्या दराने रुपये धरावेत. परदेशी बँकेची कपात आणि इथल्या बँकेचं शुल्क अॅडव्हाइसप्रमाणे, वेगळ्या ओळीत दाखवावं. अॅडव्हाइसची प्रत पट्टीला जोडावी.’ संदर्भ दर धरायचा असेल तर ‘सुट्टी असल्यास आदल्या कामाच्या दिवसाचा’ हे शब्द घाला. आणि पैसे येतील त्या दिवशी गटातल्या एकाने बँकेच्या दरपत्रकाचा फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशी नवं पत्रक लागतं आणि जुनं शोधायला शाखेत चकरा माराव्या लागतात.